मार्गारिटा: लिंबाखाली टकीला लपत नाही

प्रश्न: मी घरी मार्गारिटा करतो. दोन भाग टकीला, एक भाग ऑरेंज लिकर, एक भाग लिंबाचा रस, काठाला मीठ. कधी फारच आंबट होते, मग साखर घातली की सरबत होतं. चांगली टकीला आणली तर फरक पडेल का? की लिंबू आणि मिठात ती कळणारच नाही आणि पैसे वाया जातील?

उत्तर:

कळते, आणि ब्लांको, म्हणजे न मुरवलेली पारदर्शक टकीला असेल तर सगळ्यात जास्त कळते. प्रमाणाची गडबड आणि टकीलाचा दर्जा हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण ग्लासात ते एकच होतात. टकीला कमअस्सल असली की जिभेवर नुसता जाळ येतो. तो दाबायला आपण गोड वाढवतो, गोड झालं म्हणून लिंबू पिळतो, आणि तुमचं आंबट आणि सरबत यांच्यामधलं हेलकावणं सुरू होतं.

बारमध्ये नवीन मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट करायला लावतो. ती घरी सहज जमेल. दोन बाटल्या घ्यायच्या. एक सोनेरी रंगाची स्वस्त टकीला, जिच्या लेबलवर नुसतं टकीला लिहिलेलं असतं. दुसरी शंभर टक्के अगावेची, म्हणजे टकीला ज्या वनस्पतीपासून बनते फक्त तिचीच, ब्लांको. दोन्हींतली थोडी थोडी साध्या ग्लासात ओतून, बर्फ न घालता, नुसता वास घ्यायचा. मग दोन्हीपासून एकाच मापाने, एकाच लिकरने, त्याच लिंबांच्या रसाने मार्गारिटा करायची आणि मीठ न लावता शेजारी शेजारी प्यायची.

नुसती पिताना सोनेरी बाटली बऱ्याच जणांना जास्त आवडते, कारण ती गोडसर आणि व्हॅनिलासारखी लागते. मार्गारिटात मात्र पारडं फिरतं. सोनेरीवाल्या ग्लासात पहिल्या घोटाला लिंबू आणि संत्रं येतं, मध्ये काहीच नसतं आणि शेवटी घशात स्पिरिटचा चटका उरतो. वर व्हॅनिलाचा वास लिंबाशी न मिसळता वेगळाच तरंगत राहतो. ब्लांकोच्या ग्लासात लिंबू आणि संत्र्याच्या मधोमध भाजलेल्या अगावेचा गोडसर, किंचित मातकट वास येतो, मागून मिऱ्यासारखा तिखटपणा येतो आणि घोट संपल्यावरही तोंडात चव राहते. प्रमाण तेच असूनही पहिला ग्लास जास्त आंबट वाटतो. रस दोन्हींत सारखाच आहे, पण पहिल्यात त्या आंबटाला तोलून धरणारं मधलं अंगच नाही.

असं का होतं ते टकीला कशी बनते त्यात आहे. मेक्सिकोच्या नियमानुसार टकीला हालिस्को राज्यात आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित व तामाउलिपास या राज्यांच्या ठरावीक भागांत, निळ्या अगावेपासूनच बनवता येते. पण आंबवताना सगळी साखर अगावेचीच असली पाहिजे, अशी सक्ती साध्या टकीलाला नाही. किमान ५१ टक्के साखर अगावेची असली की पुरतं. उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत उसाची किंवा दुसरी कुठली असू शकते. या प्रकाराला धंद्यात मिक्स्तो म्हणतात. अगावे तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात, उसाला तेवढी लागत नाहीत, म्हणून स्वस्त बाटलीत उसाची साखर येते. उसाच्या साखरेच्या त्या भागातून अल्कोहोल मिळतं, पण अगावेचा वास मिळत नाही. ती पोकळी भरायला कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक असं काही घातलं जातं. सोनेरी रंग बहुतेक वेळा पिंपातून नाही, कॅरॅमलमधून आलेला असतो.

आता लिंबू हे सगळं झाकत का नाही? कारण लिंबाचं काम जिभेवर चालतं आणि टकीला मुख्यतः नाकाला कळते. आंबट रस जिभेवरचा गोडवा कापतो, पण घोट गिळल्यावर घशामागून नाकात जाणारा वास तो अडवू शकत नाही. त्यात बर्फाचं पाणी मिसळतं. टकीला ४० टक्क्यांची असली तरी रस आणि पाणी मिसळून शेक केलेल्या पेयाची ताकद २०-२२ टक्क्यांच्या आसपास येते आणि या पातळ अवस्थेत अल्कोहोल वासाच्या द्रव्यांना तितकं धरून ठेवत नाही, ती मोकळी होतात. चांगल्या टकीलाचं चांगलं असं वर येतं, तसंच वाईटाचं वाईटही. शिवाय अगावेतली काही सुगंधी द्रव्यं, उदाहरणार्थ लिनालूल, संत्र्याच्या सालीतही असतात. म्हणून खऱ्या अगावेची टकीला संत्र्याच्या लिकरशी इतकी सहज जुळते, आणि व्हॅनिला-कॅरॅमल घातलेली जुळत नाही.

म्हणजे महाग ती चांगली, असं मात्र नाही. मार्गारिटासाठी अन्येहो घेऊ नका. ती किमान एक वर्ष ओकच्या पिंपात मुरलेली असते. लाकडाचा तुरटपणा नुसती पिताना छान लागतो, लिंबाबरोबर तो कोरडा, कडवट होतो आणि अगावे मागे पडतो. किमान दोन महिने मुरलेली रेपोसादो चालते, पण तिची मार्गारिटा वेगळ्या वळणाची होते, जास्त मऊ आणि कमी तरतरीत. मला विचाराल तर पैसे ब्लांकोवर घाला. बाटलीवर ‘100% de agave’ किंवा ‘100% agave’ हे शब्द पाहा. नुसतं टकीला लिहिलं असेल तर ती मिक्स्तो समजायची, बाटली कितीही देखणी असली तरी. लेबलवर NOM आणि चार आकडे असतात, तो डिस्टिलरीचा क्रमांक. त्यावरून दर्जा कळत नाही, पण वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्या एकाच भट्टीतून आल्या आहेत का, ते कळतं. शंभर टक्के अगावेच्या मुरवलेल्या टकीलातही वजनाच्या एक टक्क्यापर्यंत कॅरॅमल, ओकचा अर्क अशी भर घालायला परवानगी आहे आणि ते लेबलवर लिहावं लागत नाही. म्हणून शेवटी नाकावरच भरवसा. चार थेंब तळहातावर घेऊन चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. भाजलेल्या अगावेचा, थोडा पालापाचोळ्यासारखा, थोडा मिऱ्याचा वास उरला तर बाटली कामाची. केकच्या एसेन्सचा वास उरला, किंवा काहीच उरलं नाही, तर मार्गारिटात तेच मिळणार.

प्रमाणाकडे येतो. तुमचं दोन-एक-एक माप वाईट नाही, पण ते आंबटाकडे झुकतं. मी ६० मिली ब्लांको, ३० मिली ४० टक्क्यांचं ऑरेंज लिकर आणि २२ मिली लिंबाचा रस असं धरतो. आकड्यांमागचं कारण असं. क्वांत्रोसारख्या लिकरमध्ये लिटरला साधारण पाव किलो साखर असते, म्हणजे ३० मिलीत सात-साडेसात ग्रॅम. हिरव्या लिंबाच्या रसात आम्ल साधारण सहा टक्के, म्हणजे २२ मिलीत सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. या दोघांत पेय तरतरीत लागतं, पण दात आंबत नाहीत. रस ३० मिली केला की आम्ल तिसऱ्या हिश्शाने वाढतं आणि साखर तेवढीच राहते. तुम्हाला जे फार आंबट लागतं ते हेच. तिथे साखर घालण्यापेक्षा रस कमी करा, म्हणजे टकीला पुढे राहील.

लिंबं मात्र एकसारखी नसतात, त्यामुळे २२ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. रस त्याच दिवशी काढा आणि गाळून घ्या. पिळताना साल चिरडेपर्यंत दाबू नका, सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात उतरतो. बाटलीतला तयार रस वापरत असाल तर चांगली टकीला आणण्याचा खरंच उपयोग नाही. त्याला उकळलेल्या रसाचा एक वास असतो आणि तो अगावेवर बसतो. शेक करण्याआधी मिश्रणाचा एक थेंब चाखा. या वेळी ते जरा जास्त कडक, जास्त गोड आणि जास्त आंबट लागलं पाहिजे, कारण अजून पाणी मिसळायचं आहे. नुसतं आंबटच लागत असेल तर अगावे सिरप किंवा साखरेचा पाक एकदम ओतू नका, चमचाभर घालून पुन्हा चाखा.

लिकर हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि मला वाटतं तुमचं सरबत तिथेच होत असावं. ट्रिपल सेक या नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. क्वांत्रो ४० टक्के अल्कोहोलचं असतं आणि कडू-गोड दोन्ही जातींच्या संत्र्यांच्या सालींपासून डिस्टिल केलेलं असतं. स्वस्त ट्रिपल सेक अनेकदा १५ ते २० टक्क्यांचंच असतं, साखर भरपूर आणि संत्र्याची चव वरवरची. आता हिशेब करा. ६० मिली टकीला आणि ३० मिली क्वांत्रो यांत शुद्ध अल्कोहोल ३६ मिली. त्याच जागी १५ टक्क्यांचं लिकर ओतलं तर २८ मिलीच्या थोडं वर. एकूण द्रव तेवढाच, साखर तेवढीच किंवा जास्त, पण ताकद पाचव्या हिश्शाहून जास्त घटली. वरून बर्फाचं पाणी पडलं की पेय पाणचट आणि गोड दोन्ही लागतं. लोक यावर टकीला वाढवतात, आणि मिक्स्तो असेल तर त्याने फक्त जाळ वाढतो.

चांगल्या लिकरची एक खूण डोळ्यांनी दिसते. काचेच्या ग्लासात क्वांत्रो ओतून बर्फाचे दोन खडे टाका आणि हलवा. नितळ पारदर्शक द्रव हळूहळू दुधाळ होत जातो. सालीतलं तेल कडक अल्कोहोलमध्ये विरघळलेलं असतं, ताकद घटली आणि गारवा वाढला की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर येतं. हेच तेल मार्गारिटाला संत्र्याचा वास आणि जिभेवर थोडं अंग देतं. हलक्या ट्रिपल सेकमध्ये असा दुधाळपणा सहसा दिसत नाही. तुमच्याकडे हलकीच बाटली असेल तर ३० मिली घालू नका, १५ मिलीपर्यंत आणा आणि लिंबूही त्या मानाने कमी करा. संत्रं कमी लागेल, पण पेय तरी उभं राहील.

ग्रां मार्निए हे ऑरेंज लिकर वेगळ्या पठडीतलं आहे. त्याचा पाया कोन्याक, त्यामुळे पिंपाचा आणि द्राक्षांच्या ब्रँडीचा गोल वास आधीच आत असतो. रेपोसादोबरोबर ते छान बसतं. ब्लांकोबरोबर घातलं तर ब्रँडी अगावेच्या अंगावर येते. दोन्ही आवडणारे लोक आहेत. मला ब्लांकोसोबत पारदर्शक लिकरच पटतं.

टकीलाची खरी परीक्षा घ्यायची असेल तर लिकर काढूनच टाका. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टॉमीज मेक्सिकन रेस्टॉरंटच्या हुलिओ बर्मेहो यांनी रूढ केलेल्या मार्गारिटात टकीला, लिंबू आणि अगावे सिरप एवढंच असतं. संत्र्याचा आधार गेला की टकीलाला लपायला जागाच राहत नाही. नवीन बाटली आली की मी आधी तशी एक करून पाहतो. सिरप बेताने घाला, ते पाकापेक्षा गोड लागतं.

मिठाबद्दल गैरसमज असा की ते चवीला खारट करायला लावतात. त्याचं मुख्य काम कडवटपणा दाबण्याचं आहे. जिभेवर थोडं मीठ असलं की कडू कमी जाणवतं आणि त्यामागे दबलेला गोडवा पुढे येतो. म्हणजे मीठ लावलेल्या काठाचा घोट हा बिनमिठाच्या घोटापेक्षा गोड लागतो. शेकरमधून चाखताना जे अगदी बरोबर वाटतं ते मिठाच्या काठावरून थोडं जास्तच गोड होईल. म्हणून मीठ लावणार असाल तर पेय किंचित आंबटाकडे ठेवा, आणि मीठ नको म्हणणाऱ्यासाठी दोन-तीन मिली लिकर जास्त. मीठ झाकतं ते लिंबाच्या आणि सालीच्या कडूपणाला. स्पिरिटचा चटका आणि एसेन्सचा वास त्याला झाकता येत नाही, त्यामुळे वाईट टकीलावर जाड मीठ हा उपाय नाही.

लावायची रीत साधी आहे, पण बहुतेक ठिकाणी चुकते. ग्लास उपडा करून आधी रसात आणि मग मिठात बुडवला की मीठ काठाच्या आतल्या बाजूलाही बसतं. पेय ओतल्यावर ते विरघळत आत उतरतं आणि प्रत्येक घोटाला ग्लास अधिकाधिक खारट होत जातो. त्याऐवजी लिंबाची फोड काठाच्या फक्त बाहेरच्या बाजूने फिरवा, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात. बशीत मीठ पसरून ग्लास आडवा धरा आणि बाहेरची कड त्यावरून फिरवा. मग ग्लास उलटा करून हलकेच टिचकी मारा म्हणजे सैल दाणे पडतील. आत गेलेले दाणे कोरड्या कापडाने पुसा. दोन मिनिटं तसाच ठेवला की मीठ वाळून घट्ट बसतं. आणि अर्ध्याच काठाला लावा. पिणाऱ्याला मिठाचा घोट आणि कोरा घोट आलटून पालटून घेता येतो. टकीला कशी आहे तेही कोऱ्या बाजूनेच नीट कळतं.

मीठ मध्यम दाण्याचं, चुरचुरीत हवं. पिठासारखं बारीक मीठ ओल्या काठावर जाड थर होऊन बसतं आणि ओठाला लागताच सगळं एकदम विरघळतं. फार मोठे खडे चिकटत नाहीत, चिकटले तर घोट संपल्यावरही तोंडात राहतात. काठावर मीठ अजिबात नको असेल तर २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा आणि शेकरमध्ये चार-पाच थेंब टाका. खारट कळणार नाही, पण कडवटपणाचा काटा निघून जाईल.

शेक करताना मोठा, कडक, कोरडा बर्फ भरपूर घ्या आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. साधारण ११० मिली मिश्रणात पन्नासेक मिली पाणी उतरतं, आणि तेवढं उतरायलाच हवं. आधीच वितळू लागलेला ओला बर्फ घेतला तर पाणी नको तितकं होतं आणि गारवा कमी पडतो. गाळून नव्या बर्फावर किंवा गार केलेल्या ग्लासात ओता. चवीला हलकं लागलं तरी या एका ग्लासात ९० मिली कडक दारू आहे, पाहुण्यांना भरताना हे ध्यानात असू द्या.

हातातली सोनेरी बाटली फेकायची गरज नाही. ती मिक्सरमध्ये बर्फ फिरवून केलेल्या फ्रोजन मार्गारिटासाठी ठेवा. फार गार पेयात नाकाला वास कमी पोचतो, त्यामुळे तिथे मिक्स्तोचं उणं कमी दिसतं. पण थंडीत जिभेला गोडही कमी लागतं, म्हणून शेक केलेल्या मापाने फ्रोजन केली तर ती आंबट आणि फिकी होते. तिथे ६० मिली टकीला, ३० मिली लिकर, २२ मिली रसाबरोबर १५ मिली साखरेचा पाक आणि ग्लासभर बर्फ घ्या, आणि दाणेदार राहील इतपतच फिरवा. चांगली ब्लांको मात्र त्यात घालू नका, ती शेकरसाठी ठेवा.